व्याख्यानाचा सारांश: मार्क्स, वेबर, ग्राम्शी आणि 52 पैसे

पूर्वा_धामणगाव
काल तालुक्याच्या वाचनालयात राज्यसंस्था आणि सत्ता या विषयावर व्याख्यान झालं. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी सारांश टाकते. शेवटी एक प्रश्न आहे, तो मला सुटलेला नाही.

वक्त्यांनी सुरुवातीलाच एक उदाहरण घेतलं आणि शेवटपर्यंत तेच धरून ठेवलं. समजा एका गावात खरिपाचं 500 हेक्टर आहे, 300 कपाशी आणि 200 सोयाबीन. प्रमाण उत्पन्न 100 पैसे धरून पीक कापणी प्रयोगातून आलेलं उत्पन्न त्याच्याशी ताडून पाहिलं तर कपाशी 46 पैसे निघाली, सोयाबीन 61. क्षेत्राच्या प्रमाणात सरासरी काढली की गावाची पैसेवारी येते 52. म्हणजे 50 च्या वर, आणि सवलती मिळतात त्या 50 च्या आत. कपाशीवाल्याच्या घरात अर्ध्याहून कमी पीक आलं, पण कागदावर गाव बरं आहे. गावात चार दिवस चिडचिड होते आणि मग सगळे गप्प बसतात. वक्त्यांचा सवाल असा की गप्प का बसतात?

मार्क्सकडून उत्तर: आकडा कोणी काढला हे नंतर पाहा, आधी तो कशासाठी काढला जातो ते पाहा. पैसेवारी मुळात शेतसारा किती वसूल करायचा, किती थांबवायचा यासाठीची मोजणी आहे. शेतकऱ्याला किती लागतं यासाठीची नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबरकडून: आकड्यामागे नियम आहे, फाइल आहे, सही करणारा पगारी माणूस आहे. पटवारी स्वतःच्या मर्जीने 52 लिहीत नाही, म्हणून त्याच्याशी भांडूनही उपयोग नसतो. हुकूम माणसाचा नसून पदाचा आहे असं सगळे मानतात. ही त्या हुकमाची अधिमान्यता.

इटालियन मार्क्सवादी ग्राम्शीकडून: पैसेवारीच्या ग्राम समितीत सरपंच असतो, गावचे शेतकरीही असतात. सही त्यांचीही असते. दंडुका कुठेच दिसत नाही, कारण संमती आधीच मिळालेली आहे. हे धुरीणत्व.

माझा प्रश्न: वेबरची अधिमान्यता आणि ग्राम्शीची संमती या दोन गोष्टी खरंच वेगळ्या आहेत की एकाच गोष्टीची दोन नावं?

वऱ्हाडी_ठेचा
तिन्ही बावाजींनी 52 चे 48 करून देल्ले असते तं आम्ही पन आलो असतो व्याख्यानाले.

लाल_सूर्य
इतका घोळ कशाला? मार्क्सने 1848 मध्येच एका वाक्यात सांगितलं आहे की सरकार म्हणजे भांडवलदारांची समिती. व्यापारी आणि गिरणीवाले सांगतील ते सरकार करतं. वेबर आणि ग्राम्शी या त्या वाक्यावरच्या तळटीपा आहेत.

जुनी_वही
लाल_सूर्य, वाक्य अर्धं सांगितलंत. कम्युनिस्ट जाहीरनाम्यात आहे ते असं की आधुनिक राज्याचं कार्यकारी मंडळ ही सबंध बुर्झ्वा वर्गाचे समाईक व्यवहार सांभाळणारी समिती असते. 'सबंध' आणि 'समाईक' हे दोन शब्द गाळले की सगळा अर्थ फिरतो. एकेका व्यापाऱ्याला हवं ते करणं आणि सगळ्या वर्गाचा गाडा चालू ठेवणं यात फरक आहे. दुसऱ्या कामासाठी पहिल्याला दुखवावंही लागतं.

शिवाय मार्क्स तिथे थांबलेला नाही. 2 डिसेंबर 1851 ला लुई बोनापार्टने फ्रान्सची सत्ता बळकावली. त्यावर मार्क्सने 1852 मध्ये लिहिलं तेव्हा त्याच्यापुढे वेगळाच पेच होता. भांडवलदारांची संसद मोडून काढणारा हा माणूस कोणाचा प्रतिनिधी? त्याचं उत्तर होतं, छोट्या जमिनीच्या शेतकऱ्यांचा. लाखो कुटुंबं सारख्याच हालात जगतात, पण प्रत्येकाचा व्यवहार आपल्या तुकड्याशी. एकमेकांशी गाठ नाही, संघटना नाही. पोत्यात बटाटे भरले की बटाट्यांचं पोतं होतं, तशी ही बेरीज. त्यांना स्वतःचं प्रतिनिधित्व करता येत नाही म्हणून कोणीतरी वरून करावं लागतं, आणि तो वरचा माणूस त्यांचा धनी होऊन बसतो. या स्थितीत राज्ययंत्रणा समाजापासून सुटी, स्वतःच्या पायावर उभी असल्यासारखी दिसते. मार्क्सने तिथल्या पाच लाखांहून अधिक नोकरशहांचाही हिशेब मांडला आहे.

पैसेवारीला लावायचा तर मार्क्स इथला लावा. त्या गावातली 300 हेक्टर कपाशी ही शंभर-सव्वाशे घरांची बेरीज आहे. 46 चा आकडा त्यातल्या एकाच्याही नावाने कुठे उमटत नाही.

लाल_सूर्य
बटाट्याचं पोतं मान्य. पण त्याच पुस्तकात शेतकऱ्याच्या जमिनीवरच्या गहाणाबद्दलही आहे ना? सामंत गेला आणि त्याच्या जागी सावकार आला, असं. मग शेवटी वर्गच आला की.

जुनी_वही
आला, बरोबर आहे. नेपोलियनच्या काळात ज्या तुकड्याने शेतकऱ्याला मोकळं केलं, तोच तुकडा पन्नास वर्षांत कर्जाने त्याच्या गळ्याशी आला, असा मार्क्सचा मुद्दा आहे. म्हणून तर त्याला पोत्याचं चित्र पुरत नाही, गहाणखतही दाखवावं लागतं. वर्ग नाही असं मी म्हणालो नाही. समितीचं वाक्य एकटं पुरत नाही, एवढंच.

पांढरं_सोनं
मग कापूस एकाधिकार खरेदी कुठे बसते? 1971 चा कायदा, 1972 च्या हंगामापासून अंमल. खासगी व्यापाऱ्याला राज्यात कापूस विकत घ्यायलाच बंदी. समिती व्यापाऱ्यांची असती तर तिने व्यापाऱ्यांनाच दाराबाहेर का काढलं असतं?

मास्तर_दारव्हा
कारण 'समाईक व्यवहार'. जुनी_वहींनी सांगितलंच आहे. पण पैसेवारीपेक्षा हे उदाहरण मला जास्त आवडलं. बाहेर भाव चढला की कापूस रातोरात राज्याच्या सीमेपलीकडे जायचा, भाव पडला की सगळा माल केंद्रावर यायचा. मग केंद्रावर गाड्यांच्या रांगा, ग्रेडवरून भांडणं आणि चुकारे हप्त्याहप्त्याने. पुढे तोटा साचत गेला आणि खासगी खरेदीला वाट मोकळी झाली. वेबरच्या शब्दांत सांगायचं तर नाके होते, कायदा होता, बळ वापरायचा हक्कही होता, पण कापूस चोरून नेणं पाप आहे असं गावात कोणालाच वाटत नव्हतं. राज्य बळाची मक्तेदारी सांगत होतं, अधिमान्यता मात्र एवढ्या एका बाबतीत पातळ होती.

पांढरं_सोनं
मास्तर, उत्तर अर्धंच मिळालं. व्यापारी दुखावला हे ठीक. पण मग फायदा कोणाचा, गिरणीचा, मोठ्या शेतकऱ्याचा की मुंबईच्या राजकारणाचा? 'सबंध वर्ग' म्हटलं की काहीही त्यात बसवता येतं.

जुनी_वही
ही टीका योग्य आहे आणि मार्क्सवाद्यांनी ती आपसातही भरपूर केली आहे. माझ्याकडे याचं पक्कं उत्तर नाही.

गजू_आर्णी
नमस्कार. हा धागा पैसेवारीचा हाय म्हून लिवतो. आमच्या गावची सुधारित पैसेवारी 54 आली. कपाशी पुरी गेली, बोंडं सडली. अपील कोठी कराव लागते? मार्क्स-वेबर कोन हायेत, ते तहसीलात बसते का?

वऱ्हाडी_ठेचा
गजूभाऊ, वेबर तं प्रत्येक टेबलावर बसते. मार्क्स बाहेर चहाच्या टपरीवर.

मास्तर_दारव्हा
गजूभाऊ, हसण्यावारी नेत नाही, नीट सांगतो. आपल्याकडे खरिपाची पैसेवारी तीन पायऱ्यांनी जाहीर होते. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरअखेर अंतिम. तुमची सुधारित आहे, म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. तहसीलदारांच्या नावे लेखी हरकत द्या आणि आवक क्रमांक टाकलेली पोच घ्या. तोंडी तक्रारीचा काडीचाही उपयोग नाही. अर्जात 'अन्याय झाला' असं लिहू नका. पीक कापणीचे प्लॉट कोणत्या गटात घेतले, कोणत्या तारखेला घेतले, तिथली जमीन भारी होती की हलकी, आणि कपाशीचा व सोयाबीनचा आकडा वेगवेगळा किती निघाला, ही माहिती मागा. ग्राम समितीच्या कागदावर ज्यांच्या सह्या आहेत त्याची प्रतही मागा. चूक असलीच तर बहुतेक वेळा प्लॉटच्या निवडीत सापडते. ओलिताची शेतं जास्त घेतली गेली की आकडा फुगतो.

आणि एक लक्षात ठेवा. 2016 च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ जाहीर करायला पैसेवारी हा एकमेव निकष राहिलेला नाही. पाऊस, जमिनीतला ओलावा, पिकाची उपग्रहावरून दिसणारी स्थिती हेही बघतात. पीक विम्याचा हिशेबही वेगळा चालतो. त्यामुळे 48 झाले तरी सगळं आपोआप मिळेल असं धरून चालू नका.

गजू_आर्णी
धन्यवाद सर. अर्ज देतो.

सुनीता_वाशीम
मास्तर, तुमच्या उत्तरातच पूर्वाताईंच्या प्रश्नाचा एक धागा आहे. तुम्ही गजूभाऊंना 'अन्याय झाला असं लिहू नका' म्हणालात. म्हणजे यंत्रणेशी भांडायचं तर यंत्रणेच्याच भाषेत. वेबर याला विवेकी-कायदेशीर अधिसत्तेचं यश म्हणेल. तक्रारसुद्धा नमुन्यात भरून येते.

वेबरबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा, कारण सारांशात तो शिरला आहे. 'सगळे मानतात म्हणून अधिमान्यता' असं वेबर म्हणत नाही. त्याच्याकडे सत्ता आणि अधिसत्ता हे दोन वेगळे शब्द आहेत. विरोध असतानाही आपली इच्छा रेटता येण्याची शक्यता म्हणजे सत्ता. ठरावीक हुकूम ठरावीक लोकांकडून पाळला जाण्याची शक्यता म्हणजे अधिसत्ता. मराठीत आपण दोन्हीला सत्ताच म्हणतो, म्हणून उत्तरपत्रिकेत खिचडी होते. आणि तो स्पष्ट सांगतो की लोक हुकूम पाळतात ते सवयीने, स्वार्थाने, भीतीने, कधी दुसरा मार्गच नाही म्हणून हतबलतेनेही. प्रत्येकाच्या मनात श्रद्धा असलीच पाहिजे अशी त्याची अट नाही. त्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे अधिसत्तेचा नोकरवर्ग. पटवाऱ्याने, मंडळ अधिकाऱ्याने हुकूम वैध मानला की यंत्र चालतं. गावाने मानलाच पाहिजे असं नाही.

म्हणून 52 वर गाव गप्प बसलं याचा अर्थ वेबरच्या मते एवढाच की गाव गप्प बसलं. का बसलं, हे त्या गप्पपणातून कळत नाही.

एमपीएससी_2026
वेबरचे अधिसत्तेचे तीन प्रकार येतील का परीक्षेला? पारंपरिक, दिव्यवलयी, कायदेशीर. पाटील, गांधीजी, तहसीलदार अशी उदाहरणं लिहिली तर चालतील?

सुनीता_वाशीम
चालतील, पण 'हे शुद्ध नमुने आहेत, प्रत्यक्षात मिसळलेले सापडतात' हे वाक्य नसेल तर गुण जातील. आपल्याकडचंच मिश्रण घ्या. वतनदार पाटील 1960 च्या दशकात कायद्याने गेला, पगारी तलाठी आला, 2024 मध्ये त्याचं नावही ग्राम महसूल अधिकारी झालं. तरी वऱ्हाडात अजून लोक 'पटवारी' म्हणतात आणि काही गावांत जुन्या पाटलाच्या ओसरीवर बसूनच पंचनामा होतो. हुकूम नियमाचा आहे, पण ओसरी परंपरेची. आणि राज्याची व्याख्या लिहिताना 'बळाची मक्तेदारी' एवढंच लिहून सोडू नका. ठरावीक भूप्रदेशात, वैध बळाच्या मक्तेदारीवर, यशस्वीपणे दावा सांगणारा मानवसमूह. 'दावा' आणि 'वैध' हे शब्द गाळले तर टोळी आणि राज्य यात फरकच राहत नाही. ही व्याख्या वेबरच्या ज्या भाषणात आहे ते म्युनिकमध्ये 28 जानेवारी 1919 चं आहे. जर्मनीतली क्रांतिकारक नेता रोझा लक्झेम्बर्ग हिचा खून होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, म्हणून त्यात बळाचा मुद्दा इतका उघड आहे.

लाल_सूर्य
दिव्यवलयी म्हटलं की टॉर्चच आठवतो. कोणी केला हा अनुवाद?

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे भारनियमन हाय, थ्या वलयाची गरज हाय.

जुनी_वही
आता मूळ प्रश्नाकडे येतो. सुनीताताईंनी वेबर नीट मांडला, त्यामुळे ग्राम्शी कुठे वेगळा पडतो ते सांगणं सोपं झालं.

वेबर गप्प बसण्याचं कारण उघडं ठेवतो. ग्राम्शीला नेमकं तेच कारण शोधायचं आहे. इटलीत कामगारांनी 1920 मध्ये कारखाने ताब्यात घेतले आणि दोन वर्षांत मुसोलिनी आला. हे असं का झालं? 1926 च्या नोव्हेंबरमध्ये ग्राम्शीला अटक झाली, वीस वर्षांची शिक्षा लागली आणि 1929 पासून तो तुरुंगात वह्या लिहीत गेला. त्याचं म्हणणं असं की राज्य म्हणजे नुसतं सरकार नव्हे. राजकीय समाज अधिक नागरी समाज, म्हणजे बळाचं चिलखत घातलेलं धुरीणत्व. पश्चिमेकडे राज्य हा फक्त बाहेरचा खंदक होता. तो ओलांडला तरी मागे शाळा, चर्च, वर्तमानपत्रं, संघटना यांची तटबंदी उभीच.

संमती म्हणजे भूल पडणं, असा अर्थ मात्र काढू नका. ग्राम्शी सांगतो की धुरीण गटाला इतरांच्या हितांचा विचार करावाच लागतो, काही सवलती द्याव्याच लागतात. मात्र त्या सवलती मूळ गाभ्याला हात लावत नाहीत. आता पैसेवारी बघा. 50 च्या आत गेलं की शेतसाऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या बिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. या सवलती खऱ्या आहेत, खोट्या नाहीत. आणि त्या खऱ्या आहेत म्हणूनच सगळा राग एका आकड्यावर येऊन ठेपतो. मोर्चा निघतो तो '50 च्या आत काढा' म्हणत. गाव हेच एकक का, शंभर घरांची कपाशी सोयाबीनच्या सरासरीत का बुडवायची, प्रमाण उत्पन्न कोणत्या वर्षांवरून धरायचं, हे मोर्च्यात कोणी विचारत नाही. लागोपाठ वाईट वर्षांची सरासरी धरली तर प्रमाण उत्पन्नच खाली येतं आणि मग वाईट वर्षही नेहमीसारखं दिसायला लागतं.

मला तरी फरक इथे दिसतो. वेबर विचारेल की हुकूम पाळला गेला का आणि कोणत्या दाव्यावर. ग्राम्शी विचारेल की चिडल्यावर माणूस काय मागतो. मागणीसुद्धा मोजपट्टीच्या आतली असेल तर तिथे संमती आहे.

सुनीता_वाशीम
इथे मी सहमत नाही. '50 च्या आत काढा' म्हणणारा शेतकरी मोजपट्टी मान्य करतो असं कशावरून? त्याला माहीत आहे की मोजपट्टी बदलणं आपल्या हातात नाही, म्हणून जे पदरात पडेल ते तो मागतो. साहेबासमोर 'हो साहेब' आणि पारावर येऊन साहेबाची नक्कल. याला संमती म्हणायचं तर हतबलता कशाला म्हणणार?

जुनी_वही
ग्राम्शी याला दुहेरी जाणीव म्हणेल. माणसाच्या कामातून एक समज व्यक्त होते, तोंडून दुसरी. पारावरची नक्कल ही पहिली समज. पण ती नकलेपुरतीच राहते, तिचा कार्यक्रम होत नाही.

सुनीता_वाशीम
ते वर्णन झालं, पुरावा नाही. दोन्ही बाजूंनी जिंकणारा सिद्धांत मला संशयास्पद वाटतो. गप्प बसला तर संमती, नक्कल केली तर दुहेरी जाणीव.

पांढरं_सोनं
तटबंदी हललेली दाखवता आली तर पुरावा होईल ना? शरद जोशींची शेतकरी संघटना घ्या. त्याआधी शेतकरी सूट मागायचा, मदत मागायचा. 'भीक नको, हवे घामाचे दाम' या घोषणेने मागणीचं व्याकरणच बदललं. कर्ज हा आपला नाकर्तेपणा नाही, भाव पाडल्याचा परिणाम आहे, असं विदर्भातला कापूसवाला बोलायला लागला. सुनीताताई म्हणतात तशी निव्वळ हतबलता असती तर घोषणेने काय फरक पडला असता? आधी डोक्यात काहीतरी घट्ट बसलेलं होतं, ते हललं.

सुनीता_वाशीम
हे उदाहरण चांगलं आहे. पण 'दाम' मागणाऱ्यात शेतमजूर बाई कुठे होती? वेचणीचा किलोमागचा दर त्या घोषणेत होता का? ग्राम्शी लावायचा तर शेतकऱ्याचं धुरीणत्व मजुरावर, तेही मोजा.

मास्तर_दारव्हा
भजनी मंडळ, सोसायटी, शाळा यांना सरसकट 'तटबंदी' म्हणायलाही मी कचरतो. राष्ट्रसंतांच्या भजनांनी इंग्रजांविरुद्ध गावं उठवली आहेत, चिमूर-आष्टी 1942. तीच खंजिरी, कधी तट तर कधी सुरुंग.

पण ग्राम्शीचं एक निरीक्षण मात्र आपल्याकडे अचूक लागतं. खेड्यातला बुद्धिजीवी, म्हणजे त्याच्याकडचा पाद्री, नोटरी, शिक्षक, हा शेतकरी आणि राज्य यांच्यामधला दुवा असतो. शेतकरी त्याचा हेवाही करतो आणि वरवर तुच्छताही दाखवतो, आणि घरातला एक पोरगा तरी त्या जागी बसावा असं प्रत्येक घराला वाटतं. आपल्याकडे पटवाऱ्याला शिव्या घालणाऱ्या घरातलाच पोरगा तलाठी भरतीची पुस्तकं घेऊन अमरावतीला खोली करून राहतो.

एमपीएससी_2026
मास्तर, हे जरा लागलं.

पूर्वा_धामणगाव
सगळ्यांचे आभार. माझ्या डोक्यात आता एवढं आलं की वेबर 'का'चं उत्तर मोकळं सोडतो आणि ग्राम्शी ते भरू पाहतो. पण सुनीताताईंचा आक्षेप कायम आहे. संमती आणि हतबलता बाहेरून सारखीच दिसते.

गजू_आर्णी
राम राम. हरकत देल्ली, आवक नंबर भेटला. समितीच्या कागदाची प्रत पन भेटली. पाच सह्या हायेत. तिसरी आमच्या मोठ्या बाबाची.

मास्तर_दारव्हा
प्लॉट कोणते घेतले ते लिहिलं आहे का?

गजू_आर्णी
तीनही धरणाच्या पाटाखालचे. कोरडवाहू एकबी नाई.

मास्तर_दारव्हा
मग हाच मुद्दा धरा. गटनंबर लिहून पुरवणी अर्ज द्या, गावात कोरडवाहू किती हेक्टर आहे तो आकडा सोबत जोडा. अंतिम जाहीर व्हायच्या आत.

पूर्वा_धामणगाव
गजूभाऊ, मोठ्या बाबांना विचारलं का, सही का केली?

गजू_आर्णी
विचारलं ना. म्हने साहेब आले होते, चहा झाला, कागद समोर ठेवला, सही करून देल्ली. वाचून कोन सही करते म्हने.

सुनीता_वाशीम
जुनी_वही, सांगा आता. संमती की हतबलता?

वऱ्हाडी_ठेचा
चहा.